रिव्ह्यू काकूंचा, शुद्धलेखन तुमचं: दुसऱ्याचा अभिप्राय दुरुस्त करताना

घरात किंवा शेजारात एखाद्याचं मराठी बरं आहे असं कळलं की लोक त्याच्याकडे काय काय घेऊन येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीची नोटीस, आणि हल्ली ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचा रिव्ह्यू. "जरा नीट करून दे गं, मग टाकते," असं म्हणून फोन पुढे केला जातो. मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे माझ्याकडे हे फोन जरा जास्तच येतात. हा लेख अशाच लोकांसाठी आहे, ज्यांना व्याकरण येतं पण दुसऱ्याच्या रिव्ह्यूला हात कुठवर लावायचा हे कळत नाही.

पुस्तकाचं मुद्रितशोधन आणि रिव्ह्यूचं मुद्रितशोधन यात एक मोठा फरक आहे. रिव्ह्यू वाचणारा माणूस भाषा वाचायला येत नाही. ज्यानं वस्तू खरंच वापरली आहे त्याचं म्हणणं ऐकायला येतो. मजकूर फारच गुळगुळीत झाला तर कंपनीनंच लिहून घेतलाय असं त्याला वाटतं. आणि दुरुस्तीच्या नादात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर काकूंच्या नावावर असं विधान जातं जे काकूंनी केलेलंच नाही.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. शेजारच्या काकूंनी मिक्सरबद्दल लिहिलेला हा मजकूर, जसाच्या तसा:

> मी हा मिक्सर दिवाळी ला घेतला ७५० वॅटचा आहे पहीले दोन महीने एकदम भारी चालला चटणी तर एवढी बारीक होते ना की पाट्याची आठवण येत नाही पण आता इडलीच पिठ वाटताना मिक्सर मधेच बंद पडतो खालच लाल बटन दाबल की परत चालू होतो कंपनीचा मानुस आला तो म्हनाला तुम्ही जास्त भरता मी काय जास्त भरत नाही दोन वाटी तांदुळ टाकते फक्त झाकन पन सैल झालय आवाज म्हणाल तर बाई शेजारी पाजारी सगळ्यांना कळत आज इडली आहे पैसे वाया गेले अस नाही म्हणनार पण पुन्हा घेताना विचार करीन

काकूंनी पाचपैकी तीन तारे दिले होते.

## हाताशी काय हवं

- मूळ मजकुराची वेगळी प्रत. फोनवर असेल तर स्वतःला पाठवून ठेवा.
- दिलेल्या ताऱ्यांचा स्क्रीनशॉट.
- बिल किंवा वॉरंटी कार्ड. तारीख, मॉडेल आणि वॅट यांवरून मजकुरातली माहिती पडताळता येते.
- शुद्धलेखनाचा एखादा छोटा कोश. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले ४ असे १८ नियम त्यात बहुधा शेवटी दिलेले असतात.
- लिहिणारी व्यक्ती. ती समोर नसेल तर निदान फोनवर. हिच्याशिवाय पुढचं काम अर्धंच होतं.

## १. आधी चुका कुठून आल्या ते ओळखा

लगेच दुरुस्तीला बसू नका. मजकूर बोटानं टाइप केलाय की बोलून, हे आधी बघा, कारण दोन्हीतल्या चुका वेगळ्या असतात.

फोनला सांगून लिहून घेतलेल्या मजकुरात शब्दांचं लेखन बहुतेक शुद्ध असतं, पण शब्दच भलता आलेला असू शकतो. "पात्याला धार नाही" म्हणावं आणि पडद्यावर "पाण्याला धार नाही" उमटावं, असा प्रकार. अशा मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक वाक्याला अर्थ आहे का ते बघायचं.

बोटानं लिहिलेल्या मजकुरात उलटं असतं. शब्द बरोबर असतो, लेखन चुकतं. काकूंचा मजकूर या दुसऱ्या प्रकारातला. त्यात "मानुस, म्हनाला, पन, झाकन" दिसतं, पण "चटणी" आणि "आठवण" मात्र नीट "ण"नं लिहिलंय. म्हणजे काकूंच्या बोलण्यात ण नाही असं नव्हे. इंग्रजी अक्षरांवरून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर साध्या n नं न उमटतो, आणि शब्द सुचवणीतून उचलला तर ण आपोआप येतो. त्यामुळे हे सगळे "न" बेलाशक बदला. एखाद्यानं मजकुरभर एकही ण वापरला नसेल, तर मात्र तो तसाच बोलतो आणि मुद्दाम तसंच लिहितो का, हे विचारून घ्या.

"दिवाळी ला" मधली मोकळी जागाही कीबोर्डचीच देणगी. सुचवलेला शब्द निवडला की फोन पुढे जागा सोडतो आणि प्रत्यय एकटा पडतो.

## २. न विचारता करायच्या दुरुस्त्या

या यादीतलं काही बदलल्यानं कुणाचं म्हणणं बदलत नाही, म्हणून इथे परवानगीची गरज नाही.

प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून घ्या: दिवाळीला, मिक्सरचा, घरासाठी. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा: पहिले, महिने, पीठ, माणूस, तांदूळ. या शेवटच्या तीन शब्दांत नवख्यांची हमखास गफलत होते. मूळ शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असतं, पण प्रत्यय लागला की ते बदलतं: पीठ पण पिठात, माणूस पण माणसाला, तांदूळ पण तांदळाचा. "पीठ बरोबर" हे पाठ करून "पीठात" करून ठेवणारे मी पुष्कळ बघितलेत. "किंमत"चंही तसंच, तिचं सामान्यरूप करताना अनुस्वार जातो: किमतीला.

"दुसर्या", "सार्या" असं दिसलं तर "दुसऱ्या", "साऱ्या" करा. बऱ्याच कीबोर्डांवर हा अर्धा ऱ सहज सापडत नाही म्हणून लोक रफारावर भागवतात, पण "आचार्य"मधला र्य आणि "दुसऱ्या"मधला ऱ्य वेगळे आहेत.

इथला सापळा म्हणजे संगणकावर Ctrl+H दाबून सगळीकडे एकदम बदल करणं. "पन"च्या जागी "पण" घातलं की मजकुरातल्या पनीरचं "पणीर" होतं. "अस"चं "असं" केलं की "असतो"चा "असंतो" होतो. रिव्ह्यू असतो दहा ओळींचा; एकेक शब्द हातानं बदला.

## ३. गळलेले अनुस्वार परत द्या, पण नीट बघून

काकूंच्या मजकुरात सगळ्यात जास्त पडझड अनुस्वारांची झाली आहे. आणि मराठीत हा ठिपका गळला की नुसती चूक होत नाही, कधी कधी दुसराच अर्थ उभा राहतो. "इडलीच पिठ" म्हणजे काय? ठिपका दिला तर "इडलीचं पीठ". नाही दिला तर "इडलीच", म्हणजे फक्त इडली, डोसा नाही की वडा नाही. वाचणाऱ्याला वाटेल की मिक्सर बाकी सगळ्याला चालतो आणि इडलीलाच अडतो. इथे पुढे "पीठ" असल्यामुळे अर्थ लागतो, पण "आवाज इडलीच वाटताना येतो" असं एखादं वाक्य असेल तर विचारल्याशिवाय ठिपका देऊ नका.

आता मुख्य प्रश्न. "दाबल" दुरुस्त करायचं ते "दाबलं" की "दाबले"? औपचारिक लेखनात "बटण दाबले" असं लिहितात, आणि शाळेत शिकलेलं डोक्यात असल्यामुळे हात तिकडेच वळतो. पण काकूंची चूकच उत्तर सांगते. ज्याच्या मनात "दाबले" असतं तो मात्रा विसरत नाही. मात्रा टाइप करावीच लागते. काकूंच्या मनात "दाबलं" होतं, ठिपका राहून गेला. म्हणून ठिपका परत द्या आणि पुढे चला: दाबलं, खालचं, झालंय, कळतं, असं. महामंडळाच्या नियमांतही बोलण्याच्या भाषेतलं लेखन करताना ही अनुस्वाराची रूपं वापरायला मोकळीक आहे, त्यामुळे कुणी शुद्धलेखनवाला अंगावर आला तर घाबरायचं कारण नाही.

फक्त एक पथ्य: मजकुरात दोन्हींची सरमिसळ ठेवू नका. "घेतले" आणि "झालं" शेजारी शेजारी आले की एक वाक्य लेखकाचं आणि एक दुरुस्त करणाऱ्याचं, हे लगेच दिसतं.

## ४. जोडायच्या आधी थांबा

दुसऱ्या पायरीत प्रत्यय जोडा म्हटलं, पण एका ठिकाणी तो नियम आंधळेपणानं लावला तर घात होतो. काकूंचं वाक्य आहे: "मिक्सर मधेच बंद पडतो."

शब्दयोगी जोडायच्या झपाट्यात याचं "मिक्सरमध्येच बंद पडतो" होतं. व्याकरण सुंदर, अर्थ गेला. काकूंना म्हणायचंय की वाटण चालू असताना मधेच, अर्धवट, मिक्सर थांबतो. जोडलेल्या वाक्यातून "मिक्सरमध्येच काहीतरी बंद पडतं" असं काहीतरी निघतं आणि वाचणारा काय बंद पडतं ते शोधत राहतो. ज्या तक्रारीसाठी रिव्ह्यू लिहिला तीच धूसर झाली.

"मधेच" सुटं ठेवलं तर बरोबरच आहे. शंका नको असेल तर शब्द हलवा: "पीठ वाटताना मधेच मिक्सर बंद पडतो." हा बदल लहान आहे, तरी मी काकूंना वाचून दाखवला. "हां, तसंच," म्हणाल्या.

"वर, खाली, मागे, पुढे, आत" या शब्दांचंही असंच. "झाकण वर उडतं" आणि "झाकणावर उडतं" या दोन वेगळ्या दुर्घटना आहेत. जोडायच्या आधी विचारा: हा शब्द नामाला चिकटलाय की क्रियापदाला?

## ५. पूर्णविराम कुठे द्यायचा

काकूंच्या मजकुरात एकही विरामचिन्ह नाही. बहुतेक ठिकाणी क्रियापद आलं की वाक्य संपतं, ते सोपं आहे. अवघड जागा तीन आहेत.

पहिली: "तो म्हनाला तुम्ही जास्त भरता मी काय जास्त भरत नाही". इथे दोन माणसं बोलतात. अवतरणचिन्ह चुकलं तर कंपनीच्या माणसाचं म्हणणं काकूंच्या तोंडी जाईल किंवा उलट. बरोबर असं:

> तो म्हणाला, "तुम्ही जास्त भरता." मी काय जास्त भरत नाही.

दुसरी याच वाक्यात दडली आहे. "काय" दिसलं की प्रश्नचिन्ह द्यायची सवय असते. "मी काय जास्त भरत नाही?" असं केलंत तर काकू स्वतःच कबूल करतायत असं होईल. इथे "काय" म्हणजे "काही", "काही एवढं जास्त भरत नाही" या अर्थी. बोलण्यात असा "काय" सर्रास येतो. तो "काही" करावा का? मी नाही केला. प्रश्नचिन्ह नसलं आणि पुढचं वाक्य लगेच आलं की अर्थ स्वच्छ लागतो.

तिसरी: "दोन वाटी तांदुळ टाकते फक्त झाकन पन सैल झालय". हा "फक्त" कुणाचा? मागच्या वाक्याचा धरला तर "टाकते फक्त", म्हणजे दोनच वाट्या. पुढच्याचा धरला तर "फक्त झाकण", म्हणजे बाकी मिक्सर ठीक, एवढंच बिघडलंय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पुढचा "पण" इथे उपयोगी पडतो: "झाकण पण" म्हणजे झाकणसुद्धा, आणि "फक्त झाकणसुद्धा" असं कुणी म्हणत नाही. म्हणून "फक्त" मागच्या वाक्यात. अशी खूण सापडली नाही तर अंदाज करू नका, विचारा. आणि हो, "सुद्धा" या अर्थाचा "पण" सुटाच लिहायचा. "ही" आणि "च" मात्र जोडून.

उद्गारचिन्हं वाढवू नका. काकूंनी दिलेली नाहीत, तर तुमच्याकडून एकही नको.

## ६. याला हात लावायचा नाही

मराठी माणसाचा आवाज नामं-क्रियापदांत कमी आणि मधल्या चिल्लर शब्दांत जास्त असतो. तर, ना, की, बाई, हो, बुवा, म्हणे. दुरुस्ती करणाऱ्याला ते फालतू वाटतात आणि पहिली कात्री तिथेच लागते. "चटणी तर एवढी बारीक होते ना, की पाट्याची आठवण येत नाही" यातला "तर" काढून बघा. "तर"मुळे कळतं की चटणी हा मिक्सरचा सर्वांत चांगला भाग आहे, बाकी कामं त्या मानानं बेताची. तो काढला की नुसतं कौतुक उरतं. "आवाज म्हणाल तर बाई" मधली बाई काढली तर वाचणाऱ्याला तक्रार कळेल, पण काकूंना तिची चीड आलेली नाही, त्या हसून सांगतायत, हे कळणार नाही.

"म्हणे" तर कधीच काढू नका. "मोटर तांब्याची आहे म्हणे" असं कुणी लिहिलं, तर ते ऐकीव आहे हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलंय. "मोटर तांब्याची आहे" असं केलंत की तीच ऐकीव गोष्ट त्याच्या नावावर खात्रीची होऊन बसते. "वाटतं", "बहुतेक", "साधारण", "असेल" हे शब्दही याच कारणासाठी राहू द्या.

नकार कुठे आहे तेही बघा. "पैसे वाया गेले असं नाही म्हणणार" हे काकूंचं वाक्य थोडं वळसा घेतं, म्हणून कुणीतरी ते "पैसे वाया गेले नाहीत" असं सरळ करेल. दोन्ही सारखी नाहीत. सरळ वाक्यात काकू मिक्सरला पावती देतायत. वळशाच्या वाक्यात त्या तेवढं वाईट बोलायला तयार नाहीत, इतकंच. तीन ताऱ्यांशी जुळतं ते वळशाचं.

काळ बदलू नका. "बंद पडला" म्हणजे एकदा, "बंद पडतो" म्हणजे नेहमीचं, "बंद पडायचा" म्हणजे पूर्वी, आता नाही. मागची वाक्यं भूतकाळात आहेत म्हणून हेही "पडला" करून काळ सारखा करायचा मोह होतो, आणि सततची तक्रार एका दिवसाची होऊन जाते.

बोलीचे शब्द राहू द्या. "लई आवाज", "भारी", "बेकार", वऱ्हाडात "वापरून राहिलो". कोल्हापूरकडच्या बायका "मी करतो, मी टाकतो" म्हणतात. तिथल्या बाईनं "टाकतो" लिहिलं असेल तर "टाकते" करण्याआधी विचारा, कारण ती चूक नसून तिचं नेहमीचं बोलणं आहे. "पार्सल भेटलं" हे मला स्वतःला खटकतं, मी "मिळालं" म्हणते. पण लिहिणाऱ्यानं "भेटलं"च ठेव म्हटलं तर मी ठेवते. "करीन" की "करेन" यावर तर वेळच घालवू नका. लिहिणारा जे म्हणतो ते.

या सगळ्याची उलट बाजू कशी दिसते ते बघा. काकूंचाच मजकूर "शुद्ध" करायला एखाद्या उत्साही भाच्याकडे दिला तर बहुधा असा परत येईल:

> मी सदर उत्पादन दिवाळीच्या निमित्ताने खरेदी केले. सुरुवातीस त्याची कामगिरी समाधानकारक होती. तथापि सध्या ते वारंवार बंद पडते व आवाजाची पातळीही अधिक आहे. ग्राहक सेवा असमाधानकारक आहे.

एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. पण इडलीचं पीठ गेलं, लाल बटण गेलं, दोन वाटी तांदूळ गेले, म्हणजे दुसऱ्या खरेदीदाराला ज्यावरून काही ठरवता आलं असतं ते सगळं गेलं. "वारंवार" काकू म्हणाल्याच नव्हत्या. त्यांनी फक्त पीठ वाटतानाचं सांगितलं होतं. आणि "ग्राहक सेवा असमाधानकारक" हा निकाल भाच्यानं स्वतः देऊन टाकला. काकूंनी कंपनीचा माणूस आला आणि काय म्हणाला एवढंच लिहिलं होतं.

## ७. विचारायचे प्रश्न

मजकूर दुरुस्त करताना माहितीत भोक दिसलं तर ते तुम्ही बुजवायचं नाही, विचारायचं. मी काकूंना दोनच गोष्टी विचारल्या.

"दोन वाटी तांदूळ म्हणजे एका वेळी की सगळे मिळून?"

"एका वेळी गं. मोठ्या भांड्यात."

हे विचारणं गरजेचं होतं, कारण भांडण त्याच मुद्द्यावर आहे. मिक्सरच्या बुडाशी असलेलं ते लाल बटण म्हणजे जास्त भार आला की मोटर जळू नये म्हणून वीज तोडणारी सोय. घट्ट पीठ, भांड्यात जास्त ऐवज किंवा फार वेळ सलग चालवणं, यांनी ते सुटतं. म्हणजे कंपनीच्या माणसाचं म्हणणं अगदीच निराधार नाही आणि काकूंचंही खोटं ठरत नाही. कोण बरोबर हे ठरवणं माझं काम नव्हतं. काकू काय आणि किती घालतात हे नेमकं लिहिलं की वाचणारा स्वतःच्या घरच्या मापाशी ताडून बघू शकतो. म्हणून "मोठ्या भांड्यात एका वेळी" हे त्यांचेच शब्द घातले. बटणाचं इंग्रजी नाव मला माहीत होतं, ते घातलं नाही. "खालचं लाल बटण" म्हटल्यावर मिक्सर वापरणाऱ्या कुणालाही कळतं.

"वॅट बघू का बिलावर?"

बिलावर ७५०च होतं. ते ५०० निघालं असतं तरी मी परस्पर बदललं नसतं, काकूंना दाखवून त्यांच्याकडून बदलून घेतलं असतं. माहितीची चूक आणि लेखनाची चूक यांत हा फरक कायम ठेवा.

न विचारायचा प्रश्नही एक आहे: "काकू, हे जरा सौम्य करू का?" किंवा "जरा कडक करू का?" समोरचा माणूस संकोचानं हो म्हणतो.

## ८. वाचून दाखवा

शेवटी काकूंचा मजकूर असा झाला:

> मी हा मिक्सर दिवाळीला घेतला. ७५० वॅटचा आहे. पहिले दोन महिने एकदम भारी चालला. चटणी तर एवढी बारीक होते ना, की पाट्याची आठवण येत नाही. पण आता इडलीचं पीठ वाटताना मधेच मिक्सर बंद पडतो. खालचं लाल बटण दाबलं की परत चालू होतो. कंपनीचा माणूस आला. तो म्हणाला, "तुम्ही जास्त भरता." मी काय जास्त भरत नाही. मोठ्या भांड्यात एका वेळी दोन वाटी तांदूळ टाकते फक्त. झाकण पण सैल झालंय. आवाज म्हणाल तर बाई, शेजारीपाजारी सगळ्यांना कळतं आज इडली आहे. पैसे वाया गेले असं नाही म्हणणार, पण पुन्हा घेताना विचार करीन.

"दोन वाटी"चं "दोन वाट्या" केलेलं नाही. नियमाला धरून वाट्या हवं, पण स्वयंपाकाच्या मापात "दोन वाटी" इतकं रुळलंय की इथे बदललं तर ते काकूंचं वाटत नाही. तुम्ही बदललंत तरी मी भांडणार नाही.

हे फोनवर पाठवून "ओके का?" विचारू नका, लोक न वाचता अंगठा दाखवतात. तुम्ही मोठ्यानं वाचा आणि त्यांना ऐकू द्या. ऐकताना माणूस जिथे "मी असं कुठे म्हटलं?" अशा नजरेनं बघतो, तिथे तुमचा हात जास्त चालला आहे. तारे त्यांचे त्यांना देऊ द्या आणि मजकूर त्यांच्याच खात्यावरून, त्यांच्याच हातानं टाकू द्या.

## ९. तुम्हीच विक्रेते असाल तर

वर सांगितलेलं सगळं ग्राहकाच्या बाजूनं बसून करायचं काम आहे. वस्तू तुमची असेल तर गणित बदलतं. ग्राहकाच्या मजकुरात तुम्ही शुद्धलेखनासाठी म्हणून हात घातलात तरी बघणाऱ्याला तो संशयास्पदच दिसतो. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकच काढलं आहे. ते वाचा, आणि रिव्ह्यू चुकांसकट जसाच्या तसा राहू द्या.

व्हॉट्सॲपवर आलेलं कौतुक पत्रकावर छापायचं असेल तर आधी त्या माणसाची परवानगी घ्या आणि छापायचा मजकूर त्यालाच दाखवा. काकूंच्या रिव्ह्यूतून चटणीचं एकच वाक्य उचलून छापलं तर त्यातलं एक अक्षरही खोटं नसेल, तरी काकू मिक्सरची शिफारस करतात असा समज होईल, आणि ती त्यांनी केलेली नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यांतही शिफारस ही त्या व्यक्तीचं खरं आणि सध्याचं मत असावी असं म्हटलं आहे.

## १०. नंतर काही बदललं तर

मिक्सर दुरुस्त होऊन आला, किंवा पुरता बंद पडला, तर जुना मजकूर पुसून नवा लिहू नका. त्याच्याच खाली महिना घालून दोन ओळी जोडा, आणि त्या ओळीही काकूंनाच सांगू द्या. मे महिन्यात त्यांनी सांगितलेली भर एवढीच होती: "नवीन झाकण दिलं, ते घट्ट बसतं. बटण अजून दाबावं लागतं."